मदत हवी आहे: ‘जेवलास का?’ या मीमची शेवटची चौकट कशी करावी?

घरच्या व्हॉट्सॲप गटासाठी मी चार चौकटींचे एक मीम करीत आहे. पहिल्या चौकटीत मुलगा फोनवर बढती मिळाल्याचे सांगतो, दुसरीत परदेशी बदली झाल्याचे सांगतो आणि दोन्ही वेळा आई म्हणते, ‘ते राहू दे, जेवलास का?’ तिसरीत तो ‘हो’ म्हणताच ‘भाजी कोणती होती?’ अशी उलटतपासणी सुरू होते. बातमी मोठी होत गेली तरी आईचा विषय जेवणावरून हलत नाही, म्हणून येथपर्यंत हसू येते.

अडचण चौथ्या चौकटीची आहे. तेथे आईच्या मायेविषयी एक वाक्य लिहिले, तर मीमचा सकाळचा सुविचार झाला. प्रश्नांचा भडिमार वाढवला, तेव्हा मावशीने विचारले, ‘एवढी का छळते ती?’ मुलाच्या फोनची वाट पाहत आई स्वतःच उपाशी बसली आहे, असे चित्र काढले. त्यात माया दिसली, पण बाईने उपाशी राहण्याचे कौतुक मला करायचे नाही.

चित्रे मी स्वतः काढतो, त्यामुळे कोणाचेही छायाचित्र किंवा सिनेमातले दृश्य नको आहे. मोबाइलवर वाचता यावे म्हणून एका चौकटीत आठ-दहा शब्दच बसतात. डबा आणि कुरिअरने धाडलेले लाडू यांवरची मीम्स गटात अनेकदा येऊन गेली आहेत, म्हणून तेही नकोत.

आईला रडवी किंवा हास्यास्पद न करता, एकही शब्द न लिहिता तिची काळजी कळावी, यासाठी चौथ्या चौकटीत तिची कोणती कृती दाखवावी?