अनुभव धागा: कोळशावर बांगडे भाजताना निखारे तयार झाले हे तुम्ही कशावरून ओळखता?

कोकमकढी (धागाकर्ती)

गेल्या शनिवारी अलिबागच्या बाजूला भाड्याच्या बंगल्यात राहिलो होतो. आठ बांगडे, दोन किलो लाकडी कोळसा आणि बंगल्यातली पत्र्याची शेगडी असा थाट. कोळसे पेटले, छान ज्वाळा आल्या, नवऱ्याने "चला, टाका" म्हटलं आणि पाचव्या मिनिटाला मी लाल मसाला लावलेले बांगडे जाळीवर ठेवले. पुढे काय झालं असेल ते जाणकारांनी ओळखलंच असेल. कातडी जाळीला, मसाल्याचा कोळसा झालेला, आणि काट्याजवळ मांस गुलाबी, कच्चं. शेवटी तव्यावर टाकून जेवलो. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे. निखारे तयार कधी समजायचे, मासा किती वर ठेवायचा, किती वेळ? पुस्तकातलं नको, तुमचे फसलेले-जमलेले अनुभव सांगा.

रावण्या

फार विचार करू नका. कोळशातून धूर यायचा थांबला की माल टाकायचा, एवढंच सूत्र. दहा वर्षं गच्चीवर हेच करतोय. तेल गळून भडका उडाला तर पाण्याचा हबका मारायचा, खलास.

देवगडचो झिलो

रावण्या, धुराचं अर्धं बरोबर आहे. धूर थांबला म्हणजे कोळशातला ओलावा आणि अर्धवट जळायचं राहिलेलं लाकूड संपत आलं. पण तेव्हा कोळसा नुसता पेटलेला असतो, पिकलेला नसतो. वरचा थर लाल आणि खालचा काळा असेल तर तो काळा थर तुमचा बांगडा जाळीवर असतानाच पेटणार, आणि आच मध्येच वाढणार. ताईंचं बहुतेक हेच झालं.

आमच्या घरी पाहुणे राहायला येतात, आठवड्यातून दोनदा तरी मासे भाजतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोळसे पेटवल्यावर अर्धा तास विसरायचे. ज्वाळा बसल्या पाहिजेत, आणि दिवसाउजेडी बघितलं तर जवळजवळ प्रत्येक कोळशावर करड्या राखेची साय आलेली दिसली पाहिजे. अंधारात तेच निखारे आतून नारिंगी दिसतात. पावसाळ्यात दमट झालेला कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि त्याला याहून जास्त वेळ लागतो. तो आदल्या दिवशी उन्हात घालावा.

मग हात. जाळीच्या वर चार-पाच इंचांवर तळहात धरायचा आणि एक-दोन मोजायचं. दोनच्या आत हात ओढावा लागला तर आच माशाला फार कडक. तीन-चार मोजता आले तर बांगड्याला बरोबर. सहाच्या पुढे गेलात तर तिथे वांगं किंवा केळीच्या पानातला मासा ठेवा, उघडा बांगडा सुकून जाईल. राख फार जाड झाली तरीही आच पडते, कारण राख धग अडवते. चिमट्याने कोळसे ठोकून राख झाडायची, दोनदा पंखा मारायचा.

पाणी मात्र मारू नका. राख उडून माशावर बसते. निखारे शेगडीच्या एकाच बाजूला ओढायचे, दुसरी बाजू मोकळी ठेवायची. बांगडा तेलकट, पावसाळ्यानंतरचा तर फारच. थेंब पडला, भडका उडाला की मासा मोकळ्या बाजूला सरकवायचा आणि ज्वाळ बसली की परत आणायचा.

पेणची पोर

शेगडी कशाला हवी? आम्ही थंडीत शेतावर पोपटी लावतो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये मसाला लावलेलं चिकन, वर परत पाला. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. मडक्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि चुर्रकन उडाला की झाली. बांगडे काय घेऊन बसलात!

कोकमकढी

पोपटीला माझं मत आहेच गं, पण हा वेगळा धागा होईल. :) झिलोदादा, अंतर आणि वेळ राहिलं. आणि कातडी चिकटू नये म्हणून काय?

देवगडचो झिलो

अंतर अर्धी वीत, निखाऱ्याच्या माथ्यापासून जाळीपर्यंत. पाव किलोच्या बांगड्याला पहिली बाजू पाच मिनिटं, दुसरी चार. खांद्याजवळ, म्हणजे जिथे तो सगळ्यात जाड असतो तिथे, काट्यापर्यंत तीन तिरक्या चिरा पाडायच्या. आच आत पोचते आणि झालं की नाही ते चिरेतून दिसतंही. मांस काचेसारखं दिसत असेल तर कच्चं. पांढरं, अपारदर्शक झालं आणि सुरीच्या टोकाने काट्यापासून सुटलं की उतरवायचं.

चिकटण्याची तीन कारणं मी पाहिली आहेत: मासा ओला, जाळी थंड, आणि उलटण्याची घाई. माझी पद्धत अशी. मीठ, हळद आणि आगळ लावून वीस मिनिटं ठेवतो, मग सुटलेलं पाणी फडक्याने टिपून मासा कोरडा करतो. जाळी रिकामी पाच मिनिटं तापवतो, तेल जाळीला नाही तर माशाला लावतो. ठेवल्यावर चार मिनिटं हात लावायचा नाही. कातडी भाजली की ती आपोआप जाळी सोडते. उचलताना ओढ लागत असेल तर अजून वेळ आहे.

लाल मसाला बाहेरून लावला तर मिरची आणि लसूण माशाआधी जळतात. तो चिरांत आणि पोटात भरावा.

नाखवीण

शेवटचं अजिबात पटलं नाही. आमच्यात बाहेरूनच लावतात, थोडं तांदळाचं पीठ मिसळून, आणि थोडा करपलेला मसाला हीच चव असते. बाकी सगळं मान्य. आणि ते हात धरून मोजणं! माझ्या आईने चाळीस वर्षं चुलीवर भाकऱ्या भाजल्या, ती आठपर्यंत आरामात मोजते. तिच्या हिशोबाने चाललात तर बांगडा राख होईल. ज्याने त्याने आपल्याच हाताचं माप पक्कं करावं.

तोक्योतला तात्या

इथे शरद ऋतूत सानमा नावाचा लांबट, तेलकट मासा येतो. नुसतं मीठ लावून शिचिरिनवर, म्हणजे मातीच्या छोट्या शेगडीवर, भाजतात. मीठ लावल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी टिपून घेतात, अगदी झिलोंसारखंच. पण अंतराबाबत इथलं म्हणणं उलटं आहे. 'त्सुयोबी नो तोओबी', म्हणजे आच जोरदार, पण लांबून. मंद आचेजवळ ठेवलेला मासा आतलं पाणी गमावून चिवट होतो. जोरदार आचेवर उंच धरला तर कातडी कुरकुरीत होते आणि आतलं मांस ओलसर राहतं. मी आधी निखारे कमी घालून मासा खाली ठेवायचो, कोळसा वाचतो म्हणून. शेजाऱ्यांनी हसत हसत दोन विटा आणून दिल्या आणि जाळी त्यांवर चढवली.

देवगडचो झिलो

तात्या, पटतंय, आणि त्यात एक मेख आहे. तुमची शेगडी लहान. लहान शेगडीवर दोन बोटं उंच केलं तरी आच चटकन पडते. माझी शेगडी तीन फूट लांब, निखारा पसरलेला. तिच्यावर जाळी थोडी वर घेतली तरी फारसा फरक पडत नाही, चारी बाजूंनी धग लागतच राहते. म्हणून मी अंतराशी खेळत नाही, निखारे सरकवतो. ताईंच्या पत्र्याच्या शेगडीला मात्र तुमच्या विटाच लागू पडतील.

खान्देशी वहिनी

मासे खात नाही, पण वांग्याचं बोलू का? आमच्याकडे भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. तिथे ज्वाळ हवीच, कारण साल आपण काढून टाकणार. ती जळून काळी झाली तरच धुराचा वास आत उतरतो. तुमच्या माशाची कातडी खायची असते, म्हणून ज्वाळ नको, हे वाचताना लक्षात आलं.

पुण्यात पऱ्हाट्या कुठून आणू? कोळशावर करते तेव्हा जाळी काढून वांगं थेट निखाऱ्यावर ठेवते. आधी दोन-तीन टोचे मारायचे, नाहीतर फुटतं. माझं एकदा फुटलं आणि गर भिंतीवर. मोठ्या वांग्याला पंधरा-वीस मिनिटं, दर तीन-चार मिनिटांनी फिरवत. पोट मऊ झालं म्हणून काढू नका, देठाजवळ दाबून बघा. ते सगळ्यात शेवटी शिजतं.

शाकाहारी_सदू

ढोबळी मिरची आणि कांदा एकाच सळईत लावतो, मिरची करपते, कांदा कच्चा. उपाय?

खान्देशी वहिनी

वेगवेगळ्या सळया, भाऊ. मिरची कडक आचेवर पाच-सात मिनिटं, कांद्याच्या चकत्या बाजूला त्याच्या दुप्पट वेळ.

नाईटड्युटीवाली

एक अनुभव सांगते, खाण्याचा नाही. मागच्या वर्षी भाजणं चालू असताना पाऊस आला म्हणून आम्ही शेगडी उचलून पडवीत घेतली आणि वारा लागतो म्हणून ताडपत्री सोडली. धूर अजिबात नव्हता, निखारे अगदी पांढरे. अर्ध्या तासात एका मैत्रिणीचं आणि माझं डोकं ठणकायला लागलं, मला मळमळ. मी स्वतः नर्स, तरी लक्षात यायला वेळ लागला. बाहेर मोकळ्यावर बसलो तेव्हा तासाभराने बरं वाटलं. त्या मैत्रिणीला दवाखान्यात नेऊन दाखवलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि पिकलेल्या निखाऱ्यातूनही तो निघतच असतो. रावण्या, म्हणून ते 'धूर थांबला' वाक्य मला धडकी भरवतं. पाऊस आला तर मासा आत न्या, शेगडी नको.

रावण्या

गच्ची उघडीच आहे हो माझी. पण दंडवत, हे माहीत नव्हतं.

कोकमकढी

जाऊन आलो. वृत्तांत देते.

कोळसे सव्वासहाला पेटवले, सात वाजता राखेची साय दिसली. समुद्राचा वारा असल्याने एका बाजूचे निखारे लवकर पांढरे झाले, दुसरे काळेच, म्हणून ते उलटेपालटे करावे लागले. हात धरला, पहिल्यांदा दोनच मोजले. जाळीखाली तात्यांच्या विटा घातल्यावर चार. सहा बांगडे, तीन-तीन करून. पहिल्या घाण्यात दोन सुटले, तिसऱ्याला मी तिसऱ्याच मिनिटाला उचकटलं आणि त्याची अर्धी कातडी गेली. दुसरा घाणा घेताना पुन्हा हात धरला, आता सहा. राख झाडून, मूठभर पेटलेले कोळसे बाजूने घालून परत चारवर आणलं. दुसरी बाजू चार मिनिटांत झाली नाही, साडेपाच लागली, बहुधा मासे पावणेतीनशे ग्रॅमचे होते म्हणून.

मसाला तीन बांगड्यांच्या आत भरला, तीन बाहेरून माखले. सासूबाईंनी बाहेरचा घेतला, नवऱ्याने आतला. म्हणजे नाखवीण आणि झिलोदादा, हा प्रश्न आमच्या घरीही सुटलेला नाही. उरलेल्या निखाऱ्यावर टाकलेलं वांगं देठाजवळ कच्चंच निघालं.