रिमाइंडर रांगेत टाकताना गाळायचं की पाठवताना? चर्चा

मंदार_बॅकएंड
आमचा रिमाइंडर जॉब रात्री 2 वाजता दिवसभराचे सगळे ईमेल तयार करून रांगेत टाकतो. अनसबस्क्राइब केलेले लोक तिथेच गाळले जातात. प्रत्यक्ष पाठवणी सकाळी 9 पासून सुरू होते. टीममधली एक जण म्हणते की पाठवताना यादी पुन्हा तपासायला हवी. मला तो दुप्पट खर्च वाटतो. एकदा गाळलं की पुरे, असं माझं मत. तुमचं काय?

जुनी_क्वेरी
तुमची सहकारी बरोबर आहे, आणि दोनदा तपासायचीही गरज नाही. तपासायचं एकदाच, पण शेवटी.

कोणी सकाळी 7:40 ला कालच्या ईमेलमधली लिंक दाबून बाहेर पडलं असं धरा. तुमच्या तक्त्यात त्याची नोंद झाली, पडद्यावर ‘आपल्याला यापुढे संदेश येणार नाहीत’ असंही आलं. पण त्याचा रिमाइंडर रात्री 2 पासून रांगेत बसलेला आहे. 9:05 ला वर्कर तो उचलतो, आणि वर्करला 7:40 चा पत्ताच नाही. माणसाच्या दृष्टीने तुम्ही दीड तासात शब्द फिरवलात. रात्री गाळणं म्हणजे रात्रीची परिस्थिती गोठवून ठेवणं. रांग जितकी लांब, तितकी ती शिळी.

वर्कर ओळ ताब्यात घेतो त्याच क्वेरीत तपासणी घाला:

```sql
UPDATE reminder_queue q
SET status = 'sending'
WHERE q.id = $1
  AND q.status = 'pending'
  AND NOT EXISTS (
    SELECT 1 FROM opt_out o
    WHERE o.address_key = q.address_key
      AND o.channel = q.channel);
```

एक ओळ बदलली तर पाठवा, शून्य आली तर पाठवू नका. ताब्यात घेणं आणि तपासणं एकाच वाक्यात असल्याने दोन वर्कर एकच संदेश उचलणार नाहीत, हा वरचा फायदा. रात्रीची चाळणी रांग छोटी ठेवायला खुशाल राहू द्या, पण तिच्यावर विसंबू नका.

हिशेबी_माणूस
थोडा विरोधी सूर लावतो. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदाच मुळात विनंती अमलात आणायला 10 कामाचे दिवस देतो. जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांवर नियम घातले, त्यातही प्रचाराच्या ईमेलसाठी दोन दिवसांची मुभा आहे. मग दीड तासासाठी एवढा आटापिटा कशाला? बाहेर पडतानाच्या पानावर ‘एखादा संदेश आधीच निघालेला असू शकतो’ अशी एक ओळ टाका आणि मोकळे व्हा. इंजिनिअरांना बिनचूकपणाची हौस असते, त्याचं बिल मात्र दुसऱ्या कुणाला भरावं लागतं.

जुनी_क्वेरी
कोणतं बिल? `opt_out` वर `(address_key, channel)` ही प्रायमरी की असेल तर एक शोध म्हणजे इंडेक्समध्ये दोन-चार पानं चाळणं. रोजचे 40,000 संदेश असले तरी डेटाबेसला ते जाणवणारही नाही, ईमेल प्रोव्हायडरची एकेक नेटवर्क फेरी त्याच्या कितीतरी पट महाग असते.

आणि कायद्यातली मुदत ही कमाल मर्यादा आहे, ती काही तुम्हाला दिलेली सूट नाही. समोरचा माणूस कायदा वाचत बसत नाही, तो ‘स्पॅम’चं बटण दाबतो. जीमेल तक्रारींचं प्रमाण 0.1 टक्क्याखाली ठेवायला सांगतं आणि 0.3 टक्क्याला पोचूच नका म्हणतं. 40,000 वर 0.1 टक्का म्हणजे 40 माणसं. कालच ‘नको’ म्हणालेला माणूस त्या 40 मध्ये सगळ्यात आधी उभा असतो.

वेगवान_वैदेही
तरी दर संदेशामागे डेटाबेसला विचारणं मला जड वाटतं. सोपा उपाय: जॉब सुरू होताना पूर्ण यादी रेडिसच्या एका सेटमध्ये भरा आणि प्रत्येक वेळी `SISMEMBER` ने विचारा. उत्तर मिलिसेकंदाच्या आत. आमच्याकडे असंच चालतं, आजवर तक्रार नाही.

जुनी_क्वेरी
वैदेही, विचारण्याची वेळ तुम्ही बरोबर पकडलीत, विचारण्याची जागा चुकली. यादी जॉबच्या सुरुवातीला भरली आणि प्रोव्हायडरच्या वेगमर्यादेमुळे पाठवणी तीन तास चालली, तर शेवटच्या माणसासाठी ती यादी तीन तास जुनी. मंदारचाच प्रश्न, फक्त लहान मापाचा. तो सुटेल, अनसबस्क्राइब होताच सेटमध्येही नोंद टाका.

खरी भीती वेगळी आहे. रेडिस रीस्टार्ट झालं आणि डेटा परत आला नाही, किंवा मेमरी भरल्यावर ती की हाकलली गेली, तर `SISMEMBER` एरर देत नाही. नसलेल्या सेटला तो रिकामा सेट समजतो आणि मुकाट्याने 0 सांगतो, सगळ्यांसाठी. वर्करच्या दृष्टीने ‘यादी हरवली’ आणि ‘कुणीच नको म्हटलेलं नाही’ यांत काडीचा फरक नाही. जॉब हिरवा दिसेल आणि आजवर बाहेर पडलेल्या प्रत्येकाला संदेश जाईल. कॅश वापरायचीच असेल तर सेटमध्ये एक खोटा पत्ता कायम ठेवा आणि प्रत्येक तुकडीआधी तो सापडतो का ते बघा. नाही सापडला, तर पाठवणी थांबवा. यादी वाचता येत नाही तेव्हा संदेश जाता कामा नये, उशीर झाला तर होऊ दे.

हिशेबी_माणूस
‘उशीर झाला तर होऊ दे’ हे एका दमात म्हणालात. रिमाइंडर उशिरा गेला तर तो रिमाइंडर कसला? यादी अर्धा तास बंद पडली म्हणून ज्यांनी कधीच ‘नको’ म्हटलं नाही अशा हजारो लोकांची वेळ चुकली, तर तेही नुकसानच आहे. ते कुणाच्या खात्यावर टाकणार?

सुमनताई
तुमचं तांत्रिक काही मला फारसं कळत नाही, पण माझी गोष्ट उलटी आहे. दातांच्या दवाखान्याकडून सवलतींचे ईमेल फार यायचे म्हणून मी एकदा खालची लिंक दाबली. त्यानंतर माझ्या तपासणीच्या तारखेचा रिमाइंडरही बंद झाला आणि ती तारीख हुकली. मला जाहिराती नको होत्या हो, तारीख हवी होती. तेव्हा कृपा करून सगळ्यांना सरसकट गाळू नका.

जुनी_क्वेरी
ताई, तुमचा मुद्दा वेगळा आहे, पण तो टाळता येणार नाही. तुम्ही दाबलेल्या लिंकवर ‘सवलतींचे ईमेल बंद’ आणि ‘सगळं बंद’ असे दोन पर्याय असायला हवे होते, आणि नोंदीत कोणता निवडला तेही. यादीत संदेशाचा प्रकार नसेल तर जॉबला भेद कळणारच नाही.

मात्र याची उलट बाजूही सांगते. एकदा प्रकार पाडले की मार्केटिंगवाले आपला संदेश ‘तारखेची आठवण’ या खान्यात घुसवू बघतात. ‘तुमची तपासणी झाली नाही, आजच 20 टक्के सवलतीत करा’ ही आठवण की जाहिरात? मी तिला जाहिरातच म्हणेन. माणसाने स्वतः ठरवलेली वेळ सांगणारा संदेश तेवढा आठवण.

मधला_रस्ता
इथे मी असहमत. लिंकवर प्रकार लिहिलेला नसेल आणि माणूस ‘अनसबस्क्राइब’ म्हणाला, तर त्याने सगळंच नाकारलं असं धरावं. सुमनताईंसारखे लोक फोन करून विचारतील. न विचारता पाठवत राहणं जास्त वाईट.

सुमनताई
फोन कशाबद्दल करणार? रिमाइंडर आलाच नाही तर आला नाही हे कळणार कसं!

सीएसव्ही_त्रस्त
सगळे वेळेवर अडलेत, पण मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ आयातीत होतं. `users` तक्त्यात `unsubscribed` नावाचा एक कॉलम असतो. महिन्यातून एकदा विक्री विभाग जुन्या एक्सेलमधून ग्राहक पुन्हा चढवतो, फाइलमध्ये तो कॉलम रिकामा, अपसर्ट सगळी ओळ बदलतो आणि `true` चं `false` होतं. पाठवताना कितीही तपासा, तपासायला काही उरलेलंच नसतं.

म्हणून यादी वेगळ्या तक्त्यात हवी आणि आयातीच्या खात्याला तिथे लिहिण्याची परवानगीच नको. ती वापरकर्त्याच्या आयडीवर नको, पत्त्यावर हवी, कारण आयात नवा आयडी देते. पत्ता साठवताना आणि शोधताना एकाच फंक्शनमधून जाऊ दे, पुढची-मागची जागा काढून, लहान अक्षरं करून. एका बाजूला मोठं `R` आणि दुसरीकडे लहान राहिलं की माणूस यादीत असूनही सापडत नाही.

अजून एक खोच. कुणी ‘माझी सगळी माहिती पुसा’ म्हटलं आणि तुम्ही यादीतली ओळही पुसली, तर पुढच्या आयातीत तो नवाकोरा ग्राहक म्हणून परत येतो. तिथे पत्त्याऐवजी त्याचा गुप्त की लावलेला हॅश ठेवतात, म्हणजे ओळखता येतं पण वाचता येत नाही.

मंदार_बॅकएंड
बरं, तपासणी वर्करमध्ये हलवतो. दोन शंका. एक, प्रोव्हायडरने तात्पुरता नकार दिला तर वर्कर आतल्या आत दर अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करतो, तेव्हा काय? दोन, काही संदेश आम्ही प्रोव्हायडरकडेच ‘9 वाजता पाठवा’ असं सांगून आदल्या दिवशी सोपवतो.

जुनी_क्वेरी
आतल्या आत प्रयत्न म्हणजे तपासणीला मागच्या दाराने वळसा. नकार आला की ओळ परत `pending` करा, पुढची वेळ लिहा, आणि तिला पुन्हा वरच्याच क्वेरीतून जाऊ द्या.

सोपवलेल्या संदेशांवर तुमचा ताबा संपलेला असतो. एक तर अनसबस्क्राइब होताच प्रोव्हायडरकडे तो रद्द करा, त्यासाठी त्यांनी दिलेला संदेश-आयडी जपून ठेवावा लागेल, किंवा आधी सोपवणंच बंद करा. मी दुसरं निवडेन. तरीही क्वेरी आणि प्रत्यक्ष रवानगी यांमध्ये काही क्षणांची फट राहतेच, ती शून्य होत नाही.

फट किती आहे ते मात्र रोज मोजा:

```sql
SELECT count(*)
FROM sent_log s
JOIN opt_out o USING (address_key, channel)
WHERE s.sent_at > o.opted_out_at;
```

`opted_out_at` म्हणजे माणसाने बटण दाबल्याची वेळ, तुमच्या तक्त्यात ओळ पडल्याची नव्हे. प्रोव्हायडरकडून नोंदी तासाभराने येत असतील आणि तुम्ही आपली वेळ लिहीत असाल, तर हा आकडा कायम शून्य दिसेल.

हिशेबी_माणूस
ही क्वेरी मी घेतो. यादी बंद पडल्यावर सगळं थांबवायचं, हे मात्र अजून पटलेलं नाही. निदान ज्यांची वेळ पुढच्या तासाभरात आहे त्यांच्यासाठी तरी कालच्या प्रतीवरून पाठवायला हवं.

मधला_रस्ता
कालच्या प्रतीत 7:40 वाला नसेल.

हिशेबी_माणूस
नसेल. त्या एकासाठी बाकीच्यांची वेळ चुकवायची का, एवढाच माझा प्रश्न आहे.