लिमिटेड एडिशन जपून ठेवली तर भाव खरंच वाढतो का?

ठाणे_पूर्व:
एका गेमची कलेक्टर्स एडिशन परदेशातून मागवायचा विचार आहे. १५० डॉलर, सोबत पुतळा, आर्टबुक आणि स्टीलबुक, म्हणजे डिस्कची पत्र्याची केस. प्रीऑर्डर महिनाभरच खुली आहे. धाकटा भाऊ म्हणतो, सील न फोडता चार-पाच वर्षं ठेव, दुप्पट होतील. बाबा म्हणतात, खोक्यात पैसे घालतोयस. दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि ठेवलीच तर पावसाळ्यात कशी सांभाळायची?

खेळिया:
भावाचं ऐक. मर्यादित माल नेहमीच वर जातो. निन्टेन्डोच्या वी कन्सोलवरचा झेनोब्लेड क्रॉनिकल्स घ्या. अमेरिकेत २०१२ मध्ये आला तो फक्त गेमस्टॉप आणि निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात. ५० डॉलरचा गेम पुढच्या वर्षी ९० डॉलरला, तोही वापरलेला, विकला जात होता. ज्यांनी दोन प्रती घेतल्या त्यांनी एक खेळली आणि एक विकून दोन्हींचे बरेचसे पैसे वसूल केले. डाउनलोड घेणाऱ्याच्या हातात काय राहतं? कार्ट्रिज असलं की ते कायमचं तुमचं.

जर्सीसिटीहून:
खेळिया, तुमची गोष्ट बरोबर आहे पण अर्ध्यावर थांबली. तोच गेम २०१५ मध्ये न्यू थ्रीडीएसवर आला आणि २०२० मध्ये नव्या चित्रांसह स्विचवर. ज्याला गेम खेळायचा होता त्याला आता वीची डिस्क शोधायची गरज उरली नाही, उरले फक्त संग्राहक. चढ्या भावात घेऊन बसलेले तिथेच अडकले. भाव वाढवतं ते खोक्यावरचं ‘लिमिटेड’ नाही. मागणाऱ्यांपेक्षा प्रती कमी असाव्या लागतात आणि तो गेम दुसरीकडे मिळत नसावा लागतो.

याच्या उलट उदाहरण सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स. १८ सप्टेंबर २०२० ला आला आणि ३१ मार्च २०२१ नंतर बनवणार नाही असं कंपनीने आधीच सांगून टाकलं. शेवटच्या आठवड्यांत लोक दोन-दोन, तीन-तीन उचलत होते. पण तोवर जगभरात ९० लाखांच्या आसपास प्रती गेलेल्या. तारीख मर्यादित होती, माल नव्हता. आज इतक्या वर्षांनीही तो मूळ किमतीच्या आगेमागेच फिरतो.

हिशेब मांडतो. किंमत ६० डॉलर, न्यू जर्सीचा विक्रीकर धरून ६४. समजा सीलबंद प्रतीचे आज ७० मिळाले. ईबेचं कमिशन साधारण १३ टक्के, म्हणजे ९ डॉलर. टपाल ५. हातात ५६. दिसायला १० डॉलर नफा, प्रत्यक्षात ८ डॉलर तोटा, आणि मधली वर्षं पैसे पडून ते वेगळंच. ८० ला विकली तरच घातलेले पैसे सुटतात.

पुणेरी_जॉयस्टिक:
मारिओचं उदाहरण मोठ्या कंपनीचं आहे, ते सगळ्यांना लावू नका. छोट्या प्रकाशकांचं गणित निराळं असतं. लिमिटेड रन गेम्सने २०१५ मध्ये सोनीच्या व्हिटा कन्सोलसाठी पहिला गेम काढला तेव्हा १५०० च प्रती छापल्या होत्या, आणि त्या बघता बघता संपल्या. अशा वेळी मागे राहिलेल्याला दुसरीकडूनच घ्यावं लागतं.

जर्सीसिटीहून:
मान्य. पण तीच कंपनी पुढे बऱ्याच गेमसाठी ठरावीक मुदतीची खुली प्रीऑर्डर घ्यायला लागली. जितक्या ऑर्डर, तितक्या प्रती. म्हणजे ज्याला हवा होता त्या प्रत्येकाने मूळ किमतीत घेतला, मग नंतर जास्त देणारा येणार कुठून? ठाणेकर, तुमची प्रीऑर्डर महिनाभर खुली आहे म्हणालात ना, तीही याच जातीची दिसते. एकूण किती छापणार हा आकडा जाहीर केला आहे का ते बघा. नसेल तर भाव वाढेल असं धरून चालू नका.

सहावी_लोकल:
माझ्याकडे लहानपणीच्या पिवळ्या कॅसेटी आहेत, ९९९९९९९ इन १ वाली एक आणि काँट्राची एक. खोकं नाही. किती येतील? कोणी घेणार असेल तर दादरला भेटू शकतो.

पुणेरी_जॉयस्टिक:
त्या जपानच्या फॅमिकॉमच्या नकला आहेत, निन्टेन्डोने बनवलेल्या नाहीत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरांत त्याच होत्या. संग्राहकांच्या बाजारात त्यांना नाममात्र किंमत मिळते. चालू असतील तर घरात ठेवा, पोरांना खेळायला द्या. लाखो रुपयांच्या लिलावांच्या बातम्या असतात त्या मूळ, खोक्यासकट असलेल्या प्रतींच्या.

कस्टमग्रस्त:
ठाणेकर, १५० डॉलर ही तुमची खरी किंमत नाहीच. मी एक पुतळेवाली एडिशन मागवली होती, त्यावरून सांगतो. कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत, खोक्याचा आकार धरतात. सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, त्याला ५००० ने भागायचं. माझं खोकं ४० बाय ३५ बाय २५ होतं. भागाकार आला ७ किलो. आत माल जेमतेम ३ किलो. पैसे ७ किलोचे लागले. आणि कस्टम ड्युटी नुसत्या गेमवर नाही, वस्तू, वाहतूक आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर. म्हणजे हवेवरही कर भरला. वरून कुरिअरची क्लिअरन्स फी वेगळी.

आता विकायला गेलो तर इथला गिऱ्हाईक डॉलरमधली मूळ किंमत बघतो, मी भरलेला कर त्याच्या लेखी नसतो. शिवाय तेच धूड त्याच्याकडे पाठवायचं तर आकाराचा तोच हिशेब पुन्हा. म्हणून बाबांचं ऐका म्हणेन. गेम आवडता असेल तर साधी प्रत घ्या, फार तर स्टीलबुक.

खेळिया:
स्टीलबुक सोडून पुतळा नको म्हणजे मग कलेक्टर्स एडिशनला अर्थ काय? सगळंच नफ्या-तोट्यात मोजायचं का? माझ्या कपाटात अशा सात-आठ आहेत, रोज बघतो, आनंद होतो.

कस्टमग्रस्त:
त्याला कोण नाही म्हणतंय? पण धाग्यातला प्रश्न भाऊ म्हणतो तसे दुप्पट होतील का हा आहे. आनंदासाठी घेत असाल तर ड्युटीसकटची रक्कम काढा, ती परत येणार नाही असं धरा आणि तरी घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या.

रत्नांग्रीकर:
सांभाळण्याबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर घरात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ठाण्यातही फार वेगळं नसणार.

लोकांना वाटतं सील आहे म्हणजे आत हवा जात नाही. जाते. त्या पातळ प्लास्टिकला बहुतेक वेळा बारीक भोकं असतात. दमट हवा आत शिरते आणि तिथून सावकाश निघते. पहिली खराब होते ती डिस्क नाही, कागद. पुस्तिकेच्या मधल्या दोन पिना बघा. त्या गंजतात आणि पानाच्या घडीत तपकिरी डाग उतरतो. जुना गिऱ्हाईक पुस्तिका उघडून आधी तेच बघतो. मग आर्टबुकची पानं लाटांसारखी होतात, स्टीलबुकच्या बिजागरीजवळ रंग उडालेला असेल तिथे गंजाचे ठिपके येतात. आणि उन्हाच्या बाजूला ठेवलेल्या खोक्याचं सील आवळत जातं, पुठ्ठ्याचे कोपरे आत दबतात.

मी काय करतो ते सांगतो. रबरी गास्केटचं घट्ट झाकण असलेला प्लास्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा. फार कोरडंही नको, पुस्तकांचा गोंद तडकतो. रंग बदलणारं जेल घ्या, नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास वाळवून पुन्हा वापरता येतं. पुड्या कापडी असाव्यात, प्लास्टिकच्या पुड्या ओव्हनमध्ये घालू नका, जेल ताटलीत काढून वाळवा. डबे बाहेरच्या भिंतीला टेकवायचे नाहीत. खोकी उभी, पुस्तकांसारखी, एकावर एक रचायची नाहीत. वरून घालायची कव्हरं पीव्हीसीची नकोत, काही वर्षांत चिकट होतात. पीईटीची घ्या.

पुणेरी_जॉयस्टिक:
यात एक भर. जुन्या सीडीवाल्या गेममध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, त्यामुळे वरच्या बाजूचा ओरखडा चमकत्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वाईट. ब्लू-रेमध्ये उलट, तिथे थर वाचण्याच्या बाजूला ०.१ मिलिमीटरवर असतो. वापरलेला माल घेताना डिस्क दिव्यासमोर धरून दोन्ही बाजू बघा.

आणि खेळिया, तुमचं ‘कार्ट्रिज म्हणजे कायमचं’ हे आता सरसकट खरं नाही. जून २०२५ मध्ये स्विच २ आलं, त्याच्या बऱ्याच गेममध्ये नुसतं गेम-की कार्ड असतं. कार्ड घालायचं आणि गेम इंटरनेटवरून उतरवायचा. सर्व्हर बंद झाला की त्या कार्डाचा उपयोग संपला. खोक्याच्या दर्शनी भागावर खाली तसं छापलेलं असतं, घेण्याआधी वाचा. याउलट सायबरपंक २०७७ पूर्ण ६४ जीबीच्या कार्ट्रिजवर आला. दोन्ही खोकी दुकानात दुरून सारखीच दिसतात, पुढे मोल सारखं राहील असं मला वाटत नाही.

खेळिया:
गेम-की कार्डाचं मान्य, ती मीही घेत नाही. पण त्यातूनच माझा मुद्दा पुढे जातो. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं. जे गेम नंतर कुठेच आले नाहीत, ते विकत घ्यायचे तर आता कार्ट्रिज हाच मार्ग. डाउनलोडची दुकानं जशी मिटतील तशी अस्सल छापील प्रतींना मागणी येणारच.

जर्सीसिटीहून:
येईल, पण कुठल्या गेमला हे आज कोणी सांगू शकत नाही. थ्रीडीएसचेही काही गेम पुढे स्विचवर आलेच. म्हणून मी भाव बघताना विकायला लावलेली किंमत बघतच नाही. ईबेवर ‘Sold Items’ ची खूण लावा, मागच्या तीन महिन्यांत खरोखर कितीला गेला ते दिसतं. बाजार चढता आहे की उतरता ते आठ-दहा सौद्यांवरून कळतं. गेम बाजारात आल्याच्या पहिल्या महिन्यातले सौदे सोडून द्या, तेव्हा ज्यांची ऑर्डर हुकली ते घाईत वाटेल ती किंमत देतात. सहा महिने थांबलात तर तीच एडिशन कंटाळलेला कोणीतरी मूळ किमतीत काढतो, बऱ्याचदा कमीतही.

ठाणे_पूर्व:
सगळ्यांचे आभार. प्रकाशकाचं पान परत वाचलं. एकूण प्रतींचा आकडा कुठेच दिलेला नाही, फक्त मुदत आहे. खोक्याची मापं विचारली आहेत. भावाला जर्सीवाल्यांचा मारिओचा हिशेब दाखवला, तो म्हणतो हा गेम मारिओइतका कोणाला माहीत नाही, त्यामुळे प्रती कमीच निघतील. यावर काय उत्तर द्यावं?

कस्टमग्रस्त:
कमी लोकांना माहीत म्हणजे पुढे मागणारेही कमी.

खेळिया:
किंवा चार वर्षांनी दुसरा भाग गाजला तर मागणारे अचानक वाढतात. तसंही होतं.

ठाणे_पूर्व:
रत्नांग्रीकर, एक विचारायचं राहिलं. घेतलीच तर सील न फोडता डब्यात टाकू, की फोडून पुस्तिका आणि आर्टबुक वेगळं ठेवू?

रत्नांग्रीकर:
पार्सल पावसाळ्यात आलं तर आत दमट हवा आधीच शिरलेली असते. सीलसकट डब्यात टाका आणि पहिले दोन-तीन आठवडे रोज मापकावरचा आकडा बघा, पुठ्ठा बराच ओलावा सोडतो, जेल लवकर बदलावं लागेल. मी स्वतः सगळं फोडतो, कारण मला खेळायचं असतं. विकायच्या प्रतीचं सील फोडावं का यावर माझ्या ओळखीच्या संग्राहकांतही एकमत नाही.