मदत हवी आहे: इन्स्टाग्राम अकाउंट डिलीट न करता एकाच व्यक्तीला दूर ठेवायचंय

कोथरूडमधून घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेणारं बिझनेस अकाउंट आहे. सोसायटीतली एक ओळखीची व्यक्ती प्रत्येक स्टोरीवर खोचक रिप्लाय देते. त्यापायी अकाउंट डिलीट केलं तर जुनी गिऱ्हाइकं आणि फोटो दोन्ही जातील, म्हणून तो विचार सोडला.

फॉलोअर्सच्या यादीतून ‘रिमूव्ह’ केलं. त्याचं नोटिफिकेशन जात नाही, पण अकाउंट पब्लिक असल्याने पुन्हा फॉलो करता येतं, आणि तसंच झालं. प्रायव्हेट केलं तर फॉलो रिक्वेस्ट मंजूर करावी लागते, पण बिझनेस अकाउंट प्रायव्हेट होत नाही. पर्सनल केलं तर इनसाइट्स जातात. ‘रिस्ट्रिक्ट’ने मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात, पण स्टोरी दिसतच राहते. स्टोरी लपवली तरी पोस्ट दिसतात.

उरलं ब्लॉक. आम्ही दोघं सोसायटीच्या एकाच इन्स्टाग्राम ग्रुप चॅटमध्ये आहोत, आणि तो ग्रुप सोडता येणार नाही (पाण्याच्या टँकरचे निरोप तिथेच येतात). ब्लॉक करताना त्या व्यक्तीची नवीन अकाउंटंही ब्लॉक करण्याचा पर्याय निवडणार आहे.

ब्लॉक करून लगेच अनब्लॉक केलं, तर फॉलो तुटून बाकी सगळं पूर्ववत राहतं, की त्यांच्या जुन्या कमेंट कायमच्या जातात? आणि ब्लॉक तसाच ठेवला, तर ग्रुपमधले माझे मेसेज त्यांना दिसत राहतील का?