घामोळं, इसब की ऊन लागलं? पाच महिन्यांच्या लेकीसाठी सल्ला हवा

आर्या_चिपळूण
लेक पाच महिन्यांची आहे. सध्या माहेरी चिपळूणला आहे, मे महिन्यातला इथला उकाडा सगळ्यांना माहीतच आहे. तिच्या मानेच्या वळ्यांत, पाठीवर आणि टोपड्याची कड बसते तिथे कपाळावर खसखशीएवढे लाल पुरळ आले आहेत. गालही लाल आणि खरखरीत झालेत. आई म्हणते घामोळं, जाऊबाई म्हणतात इसब. नवऱ्याला वाटतं ऊन लागलं, कारण रविवारी दुपारी लग्नाला नेलं होतं. घरात भावाच्या नायट्यासाठी आणलेली एक ट्यूब आहे. ती लावू का?

सुहास_काका
हे घामोळंच. टोपडं काढा, मऊ सुती झबलं घाला, पंख्याखाली ठेवा. आणि मानेत भरपूर पावडर लावा. आमची सगळी मुलं तशीच वाढली.

नंदाताई (लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते, आता निवृत्त)
काकांचं टोपड्याचं आणि पंख्याचं बरोबर आहे, पावडर मात्र नको. घामाने तिचा चिखल होऊन वळ्यांत बसतो, आणि उडालेली पूड बाळाच्या श्वासातून आत जाते. घामोळ्याच्या थंड पावडरी तर इतक्या लहान बाळाला मुळीच लावू नयेत.

ती ट्यूबही नको. नायट्याच्या बऱ्याच ट्यूबमध्ये कडक स्टिरॉइड मिसळलेलं असतं. बाळाची त्वचा पातळ असते, वळ्यांतून तर ते जास्तच आत शिरतं.

आर्या, तीन गोष्टी सांग. गार खोलीत काही तास ठेवल्यावर पुरळ फिके पडतात का? गाल रविवारच्या आधीपासून खरखरीत होते का? आणि लग्नात अंगावर काय होतं?

प्रणव_दुबई
इथेही असाच दमटपणा आहे. आमच्या मुलाला आम्ही सरसकट सनस्क्रीन लावतो, तुम्हीही लावा.

नंदाताई
प्रणव, तुमचा मुलगा केवढा आहे? सहा महिन्यांच्या आत सावली आणि अंगभर सैल कपडे, हाच खरा उपाय. आणि आत्ता चिडलेल्या कातडीवर काहीही नवीन नको.

आर्या_चिपळूण
काल मामाकडे एसीत होतो. संध्याकाळपर्यंत पाठ बरीच निवळली, गाल मात्र तसेच. गाल थंडीपासूनच कोरडे आहेत, हातांच्या बाहेरच्या बाजूलाही खरखरीत चट्टे आहेत. झोपताना माझ्या खांद्यावर तोंड घासते. नवऱ्याला लहानपणी दमा होता. लग्नात बिनबाह्यांचा फ्रॉक होता.

नंदाताई
मग बहुधा दोन्ही आहे, आणि सगळा घोळ त्यामुळेच झालाय. मान, पाठ, कपाळाची कड हे घामोळं. कपड्याखाली घाम कोंडला की तिथेच येतं आणि गारव्यात निवळतं. गाल आणि हातांच्या बाहेरच्या बाजू इसबाच्या वाटतात. या वयात ते तिथेच दिसतं, खाज असते आणि गारव्याने जात नाही. घरात दमा असला की शंका वाढते.

ऊन लागलं असतं तर काही तासांतच उघडे खांदे, हात सारखेच तापले असते आणि फ्रॉकच्या कडेशी रेघ दिसली असती. झाकलेल्या पाठीवर ते येणार नाही. आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात ठेवून बघ. उन्हाने भाजलं असेल तर कातडी गरम लागते आणि हात लावला की बाळ रडतं.

आता अडचण अशी की दोघांचे उपाय उलटे. घामोळ्याला चिकट काही चालत नाही, घाम आणखी कोंडतो. इसबाला ओलावा लागतो. म्हणून कोमट पाण्याने झटपट आंघोळ घाल, डाळीचं पीठ चोळू नकोस. वळ्या टिपून कोरड्या कर, तिथे आणि पाठीवर काही लावू नकोस. गालांना आणि हातांना मात्र अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझिंग क्रीम लाव. इसबाची खात्री डॉक्टरांनाच करू दे.

सुहास_काका
मग मालिश? खोबरेल तेल तर नैसर्गिक असतं.

नंदाताई
घामोळं आहे तोवर मान-पाठीला तेल नको. एरवी खोबरेल चालतं असं सांगणारे डॉक्टर आहेत, इसब असेल तर नको म्हणणारेही आहेत. आर्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आर्या_चिपळूण
मानेच्या एका वळीत कातडी ओलसर, लालबुंद दिसते आणि थोडा वास येतो. तेही घामोळंच का? आणि आई पाणी पाजायचं म्हणते.

नंदाताई
पाणी नको, दूधच वारंवार दे. ती वळी मात्र वेगळी. ओल राहिली की तिथे बुरशी धरते, तिला वेगळं औषध लागतं. उद्याच दाखव. पुवाचे फोड आले, पिवळी खपली धरली, ताप आला किंवा दूध ओढेनाशी झाली तर उद्याची वाट बघू नकोस, आजच ने.

आर्या_चिपळूण
सकाळी नेते. खरखरीत चट्ट्यांचे फोटो काढून ठेवलेत.