टाचांच्या खोल भेगा: काय केलंत, कशाचा उपयोग झाला, घरचे उपाय कुठे थांबवावे लागले?

माधवी_सांगली

टाचांना भेगा पडणं आमच्या घरात नवं नाही. आजीला जळवात होता, आईला आहे, मलाही आहे. दिवाळीनंतर सुरू व्हायचं, होळीपर्यंत चालायचं आणि पावसाळा लागला की पाय आपोआप मऊ पडायचे, असा आजवरचा क्रम. यंदा मात्र आषाढ संपला तरी उजव्या टाचेच्या भेगा हटायला तयार नाहीत. एक तर इतकी खोल आहे की फरशीवर पाय टेकताना कळ येते. तेल, मेण, वज्री सगळं चालू आहे.

तुमचे अनुभव लिहा. घरच्या उपायाने खरंच किती फरक पडला, आणि आता डॉक्टरकडे जायला हवं हे कशावरून कळलं, एवढं मला हवंय. नुसत्या उपायांच्या याद्या नकोत, त्या व्हॉट्सॲपवर ढीगभर येतात.

रातांबा

आम्ही देवगडकडचे, त्यामुळे उत्तर एकच: कोकमाचं तेल. रातांब्याच्या बियांचं हे तेल थंड झालं की घट्ट होतं. तुकडा वाटीत वितळवायचा, सोसवेल इतपत कोमट झाला की धुतलेल्या पायाच्या भेगेत भरायचा, वर जुने सुती मोजे घालून झोपायचं. नुसत्या कोरड्या भेगा आठवड्याभरात निवतात. भेग ओली असेल, तिच्यातून पाणी किंवा रक्त येत असेल, तर माझी आई लावू द्यायची नाही. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यांनाही हे तेल चालत नाही. तिथे आधीच ओल असते, तेलाने आणखी चिघळतं.

अण्णा_कऱ्हाड

भेगा म्हणजे अंगातली उष्णता, दुसरं काही नाही. मी अर्धा तास कडक गरम पाण्यात मीठ-लिंबू घालून पाय बुडवतो, मग नव्या ब्लेडने जाड कातडी तासतो आणि मेडिकलमधली सॅलिसिलिकची ट्यूब चोपडतो. कड जाड राहिली तर वरून कितीही तेल लावा, भेग मिटत नाही. हे कुणीही खोडून दाखवावं.

निशिगंध

अण्णा, शेवटचं वाक्य नाही खोडणार, ते बरोबर आहे. मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे, टाचा रोज बघते. तळव्याला तैलग्रंथी नसतात, घामाचीच काय ती ओल. टाचेखाली चरबीची गादी असते, उभं राहिलं की ती दाबून बाजूला पसरते. मागून उघडी चप्पल असेल तर तिला अडवायला काही नसतं. त्यात कडेची कातडी जाड आणि सुकी झालेली असली, तर वाळलेला कणकेचा गोळा दाबल्यावर जसा कडेने फाटतो तशी टाच फाटते. म्हणून कड पातळ करायलाच हवी. उष्णतेचा संबंध नाही.

पण ब्लेड नको. किती खोल जातंय ते कळत नाही, आणि घाईने कापलेली कातडी पुढे आणखी जाड येते. आमच्याकडे सांगतात ते असं: दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय, टिपून घ्यायचे, वज्री एकाच दिशेने हलकी फिरवायची, तीही रक्त येणाऱ्या भेगेवर नाही. मग पाय पुरते सुकायच्या आत युरियाचं क्रीम. रोजच्यासाठी दहा टक्के पुरतं, जाड टाचेला वीस-पंचवीस टक्क्यांचं. चिरलेल्या जागी युरिया झोंबतो, तिथे साधी पेट्रोलियम जेली. तेल असो की जेली, ती पायात पाणी घालत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. म्हणून सुक्या पायावर तेल चोळून फारसं हाती लागत नाही. आणि घरातही मागे पट्टा असलेली चप्पल घाला. दोन-तीन आठवडे हे नेमाने करून तसूभरही फरक नसेल, तर कारण निव्वळ कोरडेपणाचं नसावं असं धरून चाला.

जोशीकाका

माझंही हेच. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं, चार पावलं चाललो की कमी. क्रीम कुठलं लावू?

निशिगंध

काका, ते कातडीचं नाही, तळव्याच्या आतल्या पट्ट्याचं दुखणं वाटतंय. क्रीमचा उपयोग नाही. अस्थिरोगवाल्यांना दाखवा.

रेखा_शिक्षिका

माधवी, पावसाळ्यातही न जाणाऱ्या भेगा वाचून मला लिहावंसं वाटलं, कारण माझीही सुरुवात तीच होती. वर्गात दिवसभर उभं राहायचं, त्यामुळे कारण ठरलेलं होतं: उभं राहणं आणि वय. खाज जवळपास नव्हती म्हणून बुरशीचा विचारच कुणी केला नाही. मला वाटायचं बुरशी म्हणजे बेचक्यात ओलं, पांढरं आणि खाजणारं.

आता मागे वळून पाहिलं तर खुणा होत्या. सगळा तळवा सुका आणि त्याच्या रेषांमध्ये पांढरी भुकटी भरलेली. ती टाचेपुरती नव्हती, पायाच्या कडेपर्यंत वर चढलेली होती. अंगठ्याचं नख पिवळं, जाड आणि ठिसूळ. आणि एकाच हाताचा तळवा तसाच सुका, दुसरा स्वच्छ. डॉक्टरांनी पायावरून थेट हाताकडे नजर टाकली. दोन पाय आणि एक हात हे बुरशीचं नेहमीचं वागणं आहे म्हणाले.

मधल्या काळात दुकानातून एक ट्यूब आणली होती. लावली की दोन दिवसांत लाली उतरायची, बंद केली की पुन्हा, आणि आधीपेक्षा पसरलेली. तिच्यात स्टेरॉइड होतं. त्याने दाह दबतो, बुरशी मात्र मजेत वाढते, आणि पुढे डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं.

तपासणी अगदी साधी निघाली. बोथट पात्याने तळव्याचा कोंडा काचपट्टीवर खरवडला, त्यावर केओएचचे थेंब टाकले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. फांद्या फुटलेले धागे दिसले. तळव्याची कातडी एवढी जाड की वरून लावायचं औषध आत पोचत नाही, म्हणून टर्बिनाफिनच्या गोळ्या, आणि नखही धरलेलं असल्याने त्या तीन महिने. आधी रक्तातून यकृताची तपासणी. जोडीला युरिया. तळवा महिन्याभरात सुधारला, नखाला मात्र वर्ष लागलं, कारण पायाचं नख वाढतंच तितकं हळू. घरात सगळ्यांची एक वज्री होती, ती टाकून दिली.

माधवी_सांगली

रेखाताई, तुमचं वाचून पाय उन्हात धरून पाहिला. रेषांत भुकटी आहे, पण फक्त उजव्या पायाला. नखं ठीक वाटतात. हाताला काही नाही. मग हे बुरशीचं की नाही?

रेखा_शिक्षिका

एका पायालाही होऊ शकतं, मला एवढंच माहीत.

निशिगंध

फोटोवरून मीही सांगणार नाही. सोरायसिस आणि जुनाट इसब तळव्यावर हुबेहूब असेच दिसतात. थायरॉइड कमी असलं तरी टाचा फाटतात, पण मग बहुधा दोन्ही. कोंडा तपासून घ्या, आणि त्याआधी काही दिवस बुरशीचं मलम लावू नका, नाहीतर असलेलीही दिसत नाही. तपासणीत काही नाही आलं आणि शंका राहिली तर पुन्हा करतात.

सोलापूरकर

आमच्या बाबांचं सांगतो. एसटीत वाहक होते, साखर बरीच जुनी. टाचेला भेग होती, पण दुखत नव्हती. ‘दुखत नाही, मग दवाखाना कशाला’ हे त्यांचं उत्तर, आणि आम्हालाही ते पटायचं. एके दिवशी आईला मोज्यावर पिवळा डाग दिसला, वास येत होता. भेगेभोवती लाली घोट्याकडे सरकलेली, पाय दुसऱ्यापेक्षा गरम. एवढं होऊनही बाबा त्याच पायावर बाजारात जाऊन आले होते.

दवाखान्यात आधी साखर पाहिली, भलतीच वाढलेली. मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा जाड धागा तळव्याला टेकवला. तो वाकेपर्यंत दाबतात, वाकला की दहा ग्रॅमचा दाब. बाबांना सहा-सात जागी कळलंच नाही. पायाची नाडी चाचपली, कारण रक्त पोचत नसेल तर जखम भरणार नाही. हाडापर्यंत गेलंय का म्हणून एक्स-रे. सुदैवाने हाड वाचलं होतं. मेलेली कातडी काढली तेव्हा बाहेरून चिरेएवढी दिसणारी भेग आत बरीच रुंद निघाली. प्रतिजैविकं, रोजची पट्टी आणि टाचेवर अजिबात भार नाही. शेवटचं सगळ्यात कठीण गेलं. झोपतानाही टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी. जखम भरायला महिने लागले.

डॉक्टर म्हणाले, साखरेने आधी नसा जातात. घाम आणणाऱ्या नसा गेल्या की पाय सुकतो आणि फाटतो, जाणीव गेली की फाटलेलं कळत नाही. दोन्ही एकदम होतं, म्हणून न दुखणारी भेग जास्त वाईट. आता आई रोज रात्री आरशाने त्यांचे तळवे बघते. क्रीम टाचेला लावतो, बेचक्यात नाही. गरम पाणी, ब्लेड आणि सॅलिसिलिक, तिन्ही बंद. पायात एमसीआरची मऊ चप्पल.

वैनगंगा

चंद्रपूर जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. एक भर. पाय बधिर, भेगा आहेत आणि साखर मात्र ठीक, असं असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. आमच्या भागात असे पेशंट आहेत आणि त्यांना आम्ही रोज साध्या पाण्यात वीस मिनिटं पाय भिजवून, घासून, ओल्यावरच तेल लावायला शिकवतो. त्याने भेगा खरंच मिटतात. मग साखरवाल्यांना भिजवायला मनाई का?

सोलापूरकर

आम्हाला भाजण्याची भीती सांगितली होती, पाण्याचा चटका कळत नाही म्हणून.

निशिगंध

ते एक, आणि भिजून बेचकी मऊ पडली की तिथून जंतू शिरतात. पण ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. त्यांचं पाणी साधं असतं, आणि बधिर पाय तोही. आमच्याकडचे डॉक्टरही यावर एकसारखं बोलत नाहीत. उघडी जखम असताना भिजवायचं नाही, यावर मात्र दुमत नाही.

अण्णा_कऱ्हाड

इतकं घाबरवू नका. मी उभा जन्म ब्लेड चालवलं, कधी दुखलं नाही. साखर मागच्या वर्षी जरा वर होती, गोळी लिहून दिली होती.

सोलापूरकर

अण्णा, ब्लेड बाजूला ठेवा आणि आज वहिनींना एक करायला सांगा. तुम्ही डोळे मिटून आडवे व्हा. त्यांनी दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोट नुसतं टेकवायचं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, गुदगुल्या नाहीत, मध्ये विचारायचंही नाही. कळलं की तुम्ही उजवा की डावा ते सांगायचं. सहापैकी दोन जागा चुकल्या तर पायाची नीट तपासणी करून घ्या. न चुकल्या तरी साखर पुन्हा बघा, ती गोळी घेताय का तेही लिहिलेलं नाहीत तुम्ही.