मदत हवी आहे: बीसीसीतून रिप्लाय ऑल झालं, पुढचा मेल कसा लिहू?

कोथरूडमधल्या आमच्या ६४ फ्लॅटच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सध्या माझ्याकडे आहे. गळतीच्या कामाबद्दल ठेकेदाराला मेल केला. 'टू'मध्ये ठेकेदार, सीसीत अध्यक्ष आणि बीसीसीत खजिनदार काका, फक्त त्यांना माहीत असावं म्हणून. काकांनी रिप्लाय ऑल दाबून लिहिलं, "याला दहा टक्के कमी सांगा, मान्य करेल." ते थेट ठेकेदाराला गेलं!

बीसीसीतल्या माणसाने रिप्लाय ऑल केलं की उत्तर मूळ मेल पाठवणाऱ्यासकट 'टू' आणि सीसीतल्या सगळ्यांना जातं, हे आता कळलं. (बीसीसीतल्या इतरांना मात्र जात नाही, म्हणून सभासदांच्या नोटिशीला तेच बरं. तिथे 'टू'मध्ये सोसायटीचाच पत्ता घालून "ही नोटीस सर्व सभासदांना पाठवली आहे, उत्तर फक्त या पत्त्यावर द्यावे" असं सुरुवातीलाच लिहितो. ते नीट चाललंय.)

जीमेलमध्ये रिकॉल करून पाहायचा विचार होता, पण 'अनडू सेंड'ला जास्तीत जास्त ३० सेकंदच मिळतात. शिवाय मेल काकांचा.

आता काकांना बीसीसीत न घेता, पाठवलेला मेल वेगळा फॉरवर्ड करणार आहे: "काका, हा मेल फक्त आपल्या माहितीसाठी. काही सुचवायचं असेल तर मलाच कळवा." त्यांना टोचणार नाही ना?

आणि मुख्य प्रश्न: ठेकेदाराला लिहिताना अध्यक्षांना सीसीत ठेवून त्या वाक्याचा उल्लेख करावा, की फक्त नवं दरपत्रक मागावं? शब्द कसे असावेत?